टॉवेल कारखान्याचा पर्यावरण भाग: सुरुवात पाण्याच्या हिशेबापासून

प्रश्न: "सोलापूरला टॉवेलचा छोटा कारखाना टाकतोय, सोबत सूत डाईंग. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पाणी, कचरा, आवाज यावर नेमकं काय लिहायचं?"

आधी पाण्याचा ताळेबंद मांडा, मग मजकूर लिहा. मी केलेला एक रिपोर्ट परत आला होता, कारण त्यात वापर दिवसाला १० हजार लिटर आणि सांडपाणी १४ हजार लिटर होतं. दोन पानं दोघांनी लिहिली होती, आकडे कुणीच ताडून पाहिले नाहीत.

समजा दिवसाला २०० किलो सूत रंगवायचं आहे. मशीन १ किलो सुताला ८ लिटर पाणी घेत असेल, तर एका भरणीला १६०० लिटर. ब्लीच, रंग, साबण आणि धुण्या धरून ८ भरण्या झाल्या, म्हणजे १२,८०० लिटर. सूत फिरवून पाणी काढणाऱ्या हायड्रो मशीनमधून निघालेल्या सुतात साधारण १०० लिटर ओल राहते, ती वाळवताना उडते. बाकीचे १२,७०० लिटर सांडपाणी म्हणून निघतात. बॉयलर आणि कामगारांचं पाणी वेगळं दाखवा. टँकर किंवा बोअर असेल तर तेही स्पष्ट लिहा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे तपासणाऱ्यालाही माहीत असतं.

आता मीठ. इथेच बहुतेक रिपोर्ट अडकतात. रंग सुताला धरावा म्हणून ते घालावं लागतं, आणि मध्यम शेडला लिटरमागे ५० ग्रॅम धरलं तरी एका रंगभरणीत ८० किलो जातं. ते सुतात राहत नाही, सगळं पाण्यात येतं. १२,७०० लिटरमध्ये मिसळलं तर लिटरला ६३०० मिलिग्रॅम होतं, आणि विरघळलेल्या क्षारांची मर्यादा सहसा २१०० असते. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या चुना-तुरटीच्या प्लांटने, म्हणजे ईटीपीने, रंग उतरतो, पण मीठ जसंच्या तसं राहतं. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून फसू नका. रंगभरणीचं आणि पहिल्या धुणीचं पाणी, म्हणजे ३२०० लिटर, वेगळ्या पाइपने काढा. बहुतेक मीठ त्यातच असतं. ते उन्हात आटवायचं म्हटलं आणि दिवसाला ५ मिलिमीटर आटतं असं धरलं, तर ६४० चौरस मीटरची टाकी लागते. पावसाळ्यात तीही चालत नाही. एवढी जागा प्लॉटवर नसेल तर बाष्पक यंत्राचा खर्च आत्ताच धरा, नाहीतर सूत बाहेरून रंगवून आणा.

कचऱ्यात ईटीपीचा गाळ आणि रंग-केमिकलचे रिकामे डबे हा घातक कचरा धरा. तो भंगारवाल्याला देता येत नाही. अधिकृत केंद्राशी करार हवा, आणि साठवण ९० दिवसांच्या आत. सुताचा चुरा, कोन, खोकी वेगळी लिहा.

आवाजाला औद्योगिक भागात दिवसा ७५, रात्री १० नंतर ७० डेसिबल ही मर्यादा आहे, पण शेजारी वस्ती असेल तर तिच्या हद्दीत रात्री ४५. लूम दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. काम सुरू होण्याआधी चारही कुंपणांवर रात्रीचं मोजमाप घेऊन ठेवा, म्हणजे उद्या तक्रार आली तर रस्त्याचा आवाज किती आणि लूमचा किती हे दाखवता येईल.