पहिलाच मेसेज 'तेच परत करून द्या', आणि वर चॅट रिकामी

प्रश्न: अंबाजोगाईजवळ नुकतंच ऑनलाइन सेवा केंद्र टाकलंय. अनोळखी नंबरवरून पहिलाच मेसेज येतो, "दादा, तेच परत करून द्या." वर एक अक्षर नाही. "कोण?" विचारलं की समोरचा नाराज होतो आणि अंदाजाने करायला भीती वाटते. तुम्ही काय करता?

उत्तर:

अंदाजाने काहीच करू नका. नुसतं "कोण?" असंही लिहू नका. त्या माणसाच्या डोक्यात सगळं काम स्पष्ट असतं. तो दुकानात येऊन गेलेला असतो, तुमच्यासमोर बसून अंगठा लावलेला असतो, म्हणून त्याच्या लेखी ओळख झालेली आहे. तुमच्या फोनला मात्र त्यातलं काहीच माहीत नाही. "कोण?" वाचून त्याला वाटतं, पैसे घेतले आणि आता ओळख दाखवत नाहीत.

आपल्याकडे असं होण्याची कारणं ठरलेली आहेत. काम बापाने समोर बसून करून घेतलेलं असतं आणि मेसेज पोराच्या फोनवरून येतो. पहिल्या वेळी कागद बायकोच्या नंबरवरून आलेले असतात. किंवा नवीन सिम घेतलेलं असतं. व्हॉट्सॲपमधली 'नंबर बदला' ही सोय वापरून नंबर बदलला असेल तर तशी नोंद तुम्हाला चॅटमध्ये दिसते. पण बहुतेक जण नवीन सिम घालून सरळ नवीन खातं उघडतात, मग तुमच्याकडे कोरी चॅट उघडते. कधी त्याने काम दुसऱ्याच केंद्रात केलेलं असतं आणि नंबर कुणीतरी तुमचा दिलेला असतो.

दोष आपल्या बाजूलाही असू शकतो, म्हणून आधी तेच बघायचं. दुकानाचा फोन बदलताना बॅकअप परत घेतला नसेल तर जुन्या सगळ्या चॅट गेलेल्या असतात. चॅटवर 'गायब होणारे मेसेज' चालू असतील तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी मजकूर पुसला जातो, मात्र ती सोय चालू असल्याची ओळ चॅटमध्ये दिसते. ती ओळ दिसली तर हा माणूस जुना असू शकतो, पण खात्री धरू नका; ही सोय सगळ्या नव्या चॅटसाठी आधीच लावून ठेवलेली असेल तर कोऱ्या चॅटमध्येही ती ओळ दिसते. नंतर तोच नंबर रजिस्टरमध्ये आणि दुकानाच्या यूपीआय ॲपच्या व्यवहारांत शोधायचा. प्रोफाइलवरचं नाव बघायचं, पण त्यावर विसंबायचं नाही. एका गावात एकाच आडनावाची निम्मी वस्ती असते, आणि प्रोफाइलवर बऱ्याचदा नातवाचं नाव असतं.

एवढं बघून काही सापडलं नाही तर मी हा मेसेज टाकतो. दुकानाच्या फोनवर तो 'झटपट उत्तर' म्हणून साठवून ठेवलाय:

"नमस्कार. या नंबरवरून आमच्याकडे आधी काही आलेलं दिसत नाही, म्हणून कोणतं काम ते लक्षात येईना. काम कुणाच्या नावाचं होतं आणि परत कशामुळे करायचंय, एवढं सांगा. आधीची पावती किंवा कागद असेल तर फोटो टाका. लिहायचं नसेल तर बोलून पाठवा, चालतंय."

यात पहिलं वाक्य सगळ्यात कामाचं. "तुमचं काम आठवत नाही" असं न म्हणता "या नंबरवरून आलेलं दिसत नाही" म्हटलं की समोरचा स्वतःच सांगतो, "अहो, मी तिच्या नंबरवरून टाकलं होतं." बोलून पाठवायची मुभाही मुद्दाम ठेवलीय. ज्याला टाईप करायचा कंटाळा आहे त्याने 'तेच परत' एवढंच लिहिलं, यात नवल नाही. तोच माणूस बोलताना गाव, नाव, तालुका सगळं सांगतो. यादी देऊ नका. सातबारा, उत्पन्न, पीक विमा, पॅन, रिचार्ज असे दहा पर्याय टाकले की माणूस 'हो' असं उत्तर देतो आणि आपण होतो तिथेच राहतो.

'कशामुळे' हा प्रश्न नवीन केंद्रचालक सोडून देतात. नाव आणि काम कळलं की हात लगेच कीबोर्डवर जातो. पण 'तेच परत करा' म्हणणाऱ्याला बऱ्याचदा तेच नको असतं. पहिल्या कामात काहीतरी अडलं म्हणून तर तो परत आलेला असतो.

आमच्याकडचं एक उदाहरण सविस्तर सांगतो. जून महिना होता, लातूरला प्रवेशाची धावपळ. अनोळखी नंबरवरून मेसेज आला, "परत काढून द्या लवकर, उद्या शेवटची तारीख." मी वरचा मेसेज टाकला. थोड्या वेळाने आवाजात उत्तर आलं: पोरीच्या कॉलेजसाठी उत्पन्नाचा दाखला काढला होता, पहिल्या वेळी कागद तिच्या आईच्या फोनवरून पाठवले होते, आता परत हवाय. आईचा नंबर मागून घेतला, तर चॅटही सापडली आणि अर्ज क्रमांकही. दाखला तहसीलमधून मंजूर होऊन आलेला होता. 'परत' याचा सरळ अर्थ घेतला असता तर मी त्याच दाखल्याची प्रत पाठवून मोकळा झालो असतो.

म्हणून विचारलं, "आधीच्या दाखल्याचं काय झालं? हरवला, की कुणी नाही म्हणालं?" तेव्हा कळलं की पोरगी नॉन क्रिमीलेयरचा अर्ज भरायला गेली होती आणि तिथे हा दाखला चालला नाही. आधी काढलेला दाखला एका वर्षाच्या उत्पन्नाचा होता. नॉन क्रिमीलेयरसाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा लागतो. म्हणजे तेच परत काढणं बिनकामाचं होतं. तीन वर्षांसाठी नवीन अर्ज आणि त्याला लागणारे पुरावे हे वेगळं काम होतं. तो दाखला हातात आल्यावर नॉन क्रिमीलेयरचा अर्ज, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत ते होणारच नव्हतं. हे त्यांना तिथल्या तिथे सांगितलं आणि कॉलेजात विचारायला लावलं की अर्ज केल्याची पावती तात्पुरती चालते का. जुनीच प्रत पाठवली असती तर ही अडचण त्यांना दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर कळली असती.

'कशामुळे'चं उत्तर एरवी बहुतेक वेळा चारपैकी एक असतं आणि प्रत्येकाचं पुढचं काम वेगळं. कागद हरवला असेल तर पुन्हा प्रिंट, तेवढ्यावर भागतं. त्रुटी काढून अर्ज परत आला असेल तर त्याच अर्जात पूर्तता करायची, नवा भरायचा नाही. नामंजूर झाला असेल तर नामंजुरीचं कारण वाचून नवा अर्ज. आणि मुदत संपली असेल तर नवे पुरावे घेऊन पहिल्यापासून. दुसऱ्या आणि तिसऱ्यात गल्लत झाली की फी दोनदा जाते, एकाच माणसाचे दोन अर्ज साहेबांच्या टेबलावर जातात आणि मग दोन्ही अडकतात. अर्ज क्रमांक मिळाला तर आपले सरकार पोर्टलवर आधी स्थिती बघा, ग्राहकाच्या सांगण्यावर थांबू नका. "रिजेक्ट झालं" असं म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचा अर्ज नुसता प्रलंबित असतो.

घाई कुठे करायची नाही, हे ठरवताना मी एकच गोष्ट बघतो: चुकलं तर परत फिरवता येतंय का. जादा प्रिंट निघाली तर कागद वाया गेला, विषय संपला. वीजबिल दोनदा भरलं गेलं तर ती रक्कम साधारणपणे त्याच ग्राहक क्रमांकावर पुढच्या बिलात वळती होते, बोलणी मात्र खावी लागतात. मोबाईल रिचार्ज चुकीच्या नंबरवर गेला तर तो गेलाच समजा. म्हणून "तेच रिचार्ज परत मारा" असा पहिलाच मेसेज आला तर नंबर आणि रक्कम लिहून घेतल्याशिवाय मी बोटही लावत नाही, माणूस कितीही ओळखीचा वाटला तरी.

यापेक्षा अवघड प्रकार म्हणजे "आधीचे कागद परत पाठवा." नंबर नवा, बोलणं जुन्या गिऱ्हाईकासारखं. तुमच्या संगणकावर त्या नावाचं आधार, पासबुक, पॅन सगळं पडलेलं असतं. ते नव्या नंबरवर पाठवू नका. रजिस्टरमधल्या जुन्या नंबरवर फोन लावा आणि विचारा, "हा दुसरा नंबर तुमचाच का?" जुना नंबर बंद असेल तर दुकानात यायला सांगा. भाऊबंदकीत जमिनीचे वाद चालू असलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत; चुलतभावाने काकाचे कागद असे गोडीत मागून घेणं अशक्य नाही. राग येईल, येऊ द्या.

आणि जिथे 'परत करा' म्हणजे पैसे मागणं असतं, तिथे वरचं काहीच लागू नाही. "चुकून तुमच्या खात्यात पाच हजार आले, परत करा," सोबत रक्कम जमा झाल्याचा एसएमएस. दुकानाचा क्यूआर भिंतीवर लावलेला असतो, त्यामुळे हे आपल्यालाच जास्त येतात. तो एसएमएस बघू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा बघा. जमा नसेल तर मेसेज खोटा. खरंच जमा असेल तरी आपल्या हाताने दुसऱ्या नंबरवर पैसे टाकू नका. त्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा आणि आपल्या बँकेलाही कळवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, त्यामुळे पिन मागणारी विनंती आली तर ती पैसे काढून घेणारीच आहे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

राहिली गोष्ट हे मेसेज कमी कसे करायचे. बिझनेस व्हॉट्सॲपमध्ये 'स्वागत संदेश' लावता येतो. कुणी पहिल्यांदा लिहिलं की तो आपोआप जातो. १४ दिवस बोलणं झालं नसेल तर जुन्या माणसालाही जातो. त्यात "काम कुणाच्या नावाचं, कोणतं, आणि आधीची पावती असेल तर फोटो" एवढंच ठेवलं तर निम्म्या लोकांना पुन्हा विचारावं लागत नाही. पण १४ दिवसांच्या आत आलेल्याला तो जात नाही, तिथे हातानेच विचारावं लागतं.

शिवाय प्रत्येक पावतीवर अर्ज क्रमांक, कामाचं नाव आणि 'पुढच्या वेळी या पावतीचा फोटो पाठवा' असं छापून घ्या. रजिस्टरमध्ये नंबरासमोर घरातला दुसरा एक नंबर लिहून ठेवा, विशेषतः ज्याच्या फोनवर ओटीपी आला तो. वरच्या उदाहरणात आईचा नंबर विचारावा लागला. आता तो आधीपासूनच लिहिलेला असतो.