आईस्क्रीम डब्यातून नको, वाटीतून खा

सोमवारपासून गोड बंद आणि शनिवारी रात्री फॅमिली पॅकचा फडशा, हे चक्र मीही दोन वर्षं चालवलंय. तुझं आईस्क्रीम बंद करू नकोस. फक्त खायची वेळ आणि भांडं बदल.

माझं बिनसायचं ते संध्याकाळी. दुपारी नुसतं सॅलड, सातला पोटात कावळे, आणि फ्रीजरसमोर उभ्यानेच चमचा डब्यात. उपाशीपोटी गोड समोर आलं की हात थांबत नाही. आता मी आधी नीट जेवते: पोळी, उसळ, ताक. मग आमटीच्या छोट्या वाटीत दोन गोळे काढते, डबा परत आत ठेवते आणि बसून खाते. आठवड्यातून दोनदा, ठरवून.

लेबल वाचताना एक गंमत लक्षात ठेव. कप मिलीलिटरमध्ये विकतात, पण कॅलरी बहुधा १०० ग्रॅमला दिलेल्या असतात. आईस्क्रीममध्ये हवा असते, त्यामुळे १०० मिलीचा साधा व्हॅनिला कप साधारण ५०-६० ग्रॅमच भरतो, म्हणजे शंभर-सव्वाशे कॅलरी. दोन पोळ्यांपेक्षाही कमी! चॉकलेटचं मात्र उलटं; छोटी वडी दिसते, पण ५० ग्रॅमला अडीचशेच्या वर जाते. म्हणून चार तुकडे मोडून वेष्टन बंद करायचं.

एखाद्या दिवशी जास्त खाल्लंस तर दुसऱ्या दिवशी उपास धरू नकोस, त्यातूनच पुढचा शनिवार उगवतो. नाश्ता नेहमीसारखा कर. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरव. आणि लपून खाणं, थांबताच न येणं वारंवार होत असेल तर वाटीने भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेट.