वडिलांमागं आलेलं वाघनख आणि 90 दिवस

प्रश्न: वकीलसाहेब, आमच्या घरी सोन्यात मढवलेलं वाघनखांचं पदक आहे. आजोबांनी खानापूरच्या रानात वाघ मारला होता, त्याची नखं. 14 मार्च 2021 ला वडील वारले, तेव्हापासून ते माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात नातवाच्या बारशाला ते त्याच्या गळ्यात घातलं, फोटो फेसबुकवर टाकला. परवा वनखात्याचा माणूस येऊन तोंडी चौकशी करून गेला. आम्ही बेळगावकडचे, बहीण गडहिंग्लजला असते. पदक तिच्याकडे नेऊन ठेवू का? तिथं महाराष्ट्र, इकडचं कर्नाटकचं खातं जाणार नाही.

उत्तर: अजिबात नेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 हा केंद्राचा कायदा आहे. चंदगडच्या नाक्यापलीकडे तो बदलत नाही. उलट पदक बहिणीच्या हाती दिलंत की ते हस्तांतरण ठरेल आणि आज ज्या प्रकरणात एकटे तुम्ही आहात, त्यात तीही येईल.

2023 च्या ऑक्टोबरात बंगळुरात टीव्हीच्या कार्यक्रमातल्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखावरून अटक झाली. तेव्हापासून मला अशी पत्रं येतात. कुणाच्या माळ्यावर सांबराची शिंगं असतात, कुणाच्या देवघरात व्याघ्रचर्म. सगळे लिहितात की वाघ आजोबांनी मारला, आमचा काय दोष? शिकारीबद्दल तुम्हाला कुणी विचारतच नाही. गुन्हा आहे तो बाळगण्याचा, आणि तो आज, तुमच्या कपाटात चालू आहे. या कायद्यात प्राण्याचं नखसुद्धा ‘ट्रॉफी’त मोडतं आणि वाघ पहिल्या अनुसूचीत आहे.

आता मुद्द्याचं. कलम 40 मध्ये 2003 पासून दोन पोटकलमं आली, 2ए आणि 2बी. मालकीचं प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला अशी वस्तू मिळवता किंवा ठेवता येत नाही. त्याला अपवाद एकच, वारसा. पण वारशानं वस्तू आली की 90 दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव संरक्षकाकडे तसं लेखी जाहीर करावं लागतं. मग ते चौकशी करतात आणि ताबा कायदेशीर वाटला तर प्रमाणपत्र देतात. वडील 14 मार्चला गेले, म्हणजे तुमची मुदत 12 जून 2021 ला संपली. उताऱ्यावर वारसांची नावं लावायला तुम्ही तलाठ्याकडे खेटे घातलेच असतील. त्याच दिवसांत एक अर्ज बेळगावच्या वनखात्याच्या कार्यालयात दिला असता तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

कोविडच्या काळात, 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022, सर्वोच्च न्यायालयानं मुदती मोजू नका असं सांगितलं होतं. तो आधार घेता येईल का? युक्तिवाद म्हणून मी तो जरूर मांडेन. पण तो आदेश मुख्यतः न्यायालयांपुढच्या कामांसाठी होता. वनखात्याकडच्या जाहीरनाम्याला तो लागू होईल याची हमी मी देणार नाही. आणि धरला तरी वाढीव 90 दिवस 2022 च्या मे अखेरीस संपतात. त्यानंतरही तुम्ही गप्पच होता.

म्हणून आज रात्री ट्रंक उघडा आणि एकच कागद शोधा: वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावचं मालकी प्रमाणपत्र. कायदा आला तेव्हा अशा वस्तू जाहीर करायला 30 दिवस दिले होते. 2003 मध्ये केंद्रानं पुन्हा एकदा 180 दिवसांची संधी दिली होती. त्या वेळी वडिलांनी अर्ज केला असेल तर तुमची चूक फक्त उशिराची उरते, आणि न्यायालय तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहण्याची बरीच शक्यता आहे. प्रमाणपत्र नसेल तर वस्तू वडिलांकडेच बेकायदा होती आणि तुम्ही तोच बेकायदा ताबा पुढं चालवलात, असं सरकारी वकील म्हणेल. कलम 57 त्याच्या बाजूचं आहे. वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ताबा बेकायदा आहे असं गृहीत धरलं जातं आणि तो कायदेशीर होता हे तुम्ही सिद्ध करायचं असतं. एरवी फौजदारी खटल्यात हे ओझं सरकारवर असतं.

ट्रंकेत आजोबांचा शिकारीचा परवाना सापडला तर तोही जपा. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळं परवाना त्याआधीचा असेल तर तो मुंबई सरकारचा असेल. प्रमाणपत्राची जागा तो घेणार नाही, पण वाघ 1972 च्या आधी मारला हे दाखवायला उपयोगी पडेल. आजोबांच्या गळ्यात पदक दिसणारा जुना फोटोही तसाच.

शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड किमान 25 हजार. किमान शिक्षा ठरलेली असल्यानं दंड भरून तडजोड करता येत नाही. ‘साहेबांना भेटून मिटवू’ म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. जामिनाचं चित्र मात्र लोक सांगतात तितकं वाईट नाही. या कायद्यातली जामिनाची कडक अट आधी याच कायद्याखाली शिक्षा झालेल्यांसाठी आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये असंही सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. तरी पहिलं काम हेच: बेळगावच्या सत्र न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज. तो आधी, पदक देणं नंतर. क्रम उलटा केलात तर कबुलीजबाब स्वतःच्या पायानं नेऊन दिल्यासारखं होईल.

जामीन झाला की वकिलामार्फत लेखी निवेदनासह पदक डीसीएफ म्हणजे उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. यानं गुन्हा पुसला जात नाही. 2022 च्या दुरुस्तीत सात कामकाजी दिवसांची नोटीस देऊन वस्तू परत करण्याची सोय आली, पण ती प्रमाणपत्र असलेल्यांसाठी. बिनप्रमाणपत्राच्या माणसानं आपणहून वस्तू दिली याचा फायदा मिळाला तर न्यायाधीशांच्या मनात मिळेल, कायद्याच्या पानावर नाही.

नखं खोटी निघाली तर? जत्रेत विकली जाणारी पुष्कळशी नखं शिंगाची, खुराची किंवा प्लास्टिकची असतात, आणि तसं निघालं तर गुन्हाच उरत नाही. पण घरी कानस लावून किंवा जाळून बघू नका. खरी निघाली तर ती सरकारची मालमत्ता ठरू शकतात, आणि तिची मोडतोड हा आणखी एक गुन्हा. शहापूरच्या सराफाकडे सोनं काढून घ्यायलाही जाऊ नका, त्यालाही गोवाल. तपासणी हैदराबाद किंवा डेहराडूनच्या प्रयोगशाळेत होते आणि अहवाल यायला किती महिने लागतील ते कुणी सांगत नाही. तोवर तारखा पडतच राहतात.

आरएफओ म्हणजे वनक्षेत्रपाल चौकशीला आले तर उद्धटपणा करू नका. महजर म्हणजे पंचनामा कन्नडमध्ये असेल. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी शब्दन् शब्द वाचून घ्या, आणि ‘मला मराठीत समजावून सांगितले’ हे वाक्य तसं झालं असेल तरच स्वतःच्या हातानं लिहा. या कायद्यात सहायक वनसंरक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला पुरावा नोंदवता येतो. पोलिसांपुढचा जबाब पुढं टिकत नाही या भरवशावर इथं बोलू नका.

फेसबुकवरचा फोटो आता काढू नका. चौकशीला माणूस येऊन गेला, म्हणजे त्याची प्रत खात्याकडे असणारच, आणि तुम्ही पुसलात तेवढंच पुराव्यात उठून दिसेल.