पोलिसांनी पकडलं की मुलीने? वाक्य वाचताना मधेच पाय का अडखळतो

प्रश्न: "पोलिसांनी चोराला पकडणाऱ्या मुलीचा सत्कार केला" हे वाक्य मला दोनदा वाचावं लागलं. व्याकरणात चूक तर दिसत नाही, मग असं का होतं?

कारण वाक्य संपेपर्यंत तुम्ही थांबला नव्हता. कोणीच थांबत नाही. प्रत्येक शब्द कानावर पडला की त्याला आधीच्या शब्दांशी लगेच जोडून टाकायचं, अशीच आपली समजून घेण्याची रीत आहे. अशा फसव्या वाटेने नेणाऱ्या वाक्यांना भाषाशास्त्रात 'गार्डन पाथ' वाक्यं म्हणतात.

तुमचंच वाक्य सावकाश चालून पाहू. "पोलिसांनी" ऐकल्यावर '-नी' प्रत्यय सांगतो की हा कर्ता आहे आणि पुढे 'पकडलं', 'पकडावं' अशा रूपाचं क्रियापद येणार. "चोराला" येताच ते कर्म म्हणून त्याच क्रियापदाला बांधलं जातं, जे अजून आलेलंही नाही. मग "पकड…" एवढं ऐकू येतं आणि पोलीस, चोर, पकडणं हे चित्र पूर्ण होतं. नेमका तिथे "-णाऱ्या" येतो. 'पकडणाऱ्या'चा कर्ता '-नी' लावून येऊच शकत नाही, शिवाय हे सामान्यरूप पुढे एखादं नाम मागतं. म्हणजे "चोराला" पोलिसांपासून सोडवून "पकडणाऱ्या"कडे द्यायचं, पकडण्याचं श्रेय "मुली"ला द्यायचं आणि "पोलिसांनी"ला शेवटच्या "केला"ची वाट पाहायला लावायची. तुमचं दुसरं वाचन या फेरजोडणीत गेलं.

लिन फ्रेझिअर आणि कीथ रेनर यांनी 1982 साली वाचकांच्या डोळ्यांची हालचाल मोजली, तेव्हा हेच दिसलं. पहिला अर्थ जिथे मोडतो त्या शब्दापाशी नजर जास्त वेळ थांबते आणि बरेचदा मागे जाते. सगळे अर्थ शेवटपर्यंत सारखेच खुले ठेवले असते, तर नेमकं तिथेच अडखळण्याचं कारण नव्हतं. फ्रेझिअर यांचं म्हणणं असं की वाचक आधी सर्वात साधी रचना उभी करतो आणि अर्थाचा विचार नंतर करतो. "चोराला" ऐकताच मनात नवं पोटवाक्य उघडण्यापेक्षा ते चालू वाक्यालाच जोडणं सोपं, हे खरं.

पण मला ही गोष्ट अपुरी वाटते. "चोराला"च्या जागी "सापाला" घालून पाहा. रचना तीच, तरी मला ठेच कमी लागते, कारण पोलीस आणि चोर मनात आधीच जोडलेले असतात. संदर्भाचंही तसंच. मायकेल टॅनेनहाउस आणि सहकाऱ्यांनी 1995 साली लोकांसमोर वस्तू मांडून इंग्रजीत सूचना दिली. अर्थ असा, की टॉवेलवरचं सफरचंद खोक्यात ठेवा. इंग्रजीत मात्र "टॉवेलवर" हे शब्द सफरचंदानंतर येतात, त्यामुळे क्षणभर ते टॉवेलवर ठेवायचं आहे असं वाटतं. समोर टॉवेलवर एकच सफरचंद असलं की ऐकणाऱ्यांची नजर शेजारच्या दुसऱ्या, रिकाम्या टॉवेलकडे जाई. दोन सफरचंदं असली, एक टॉवेलवर आणि एक दुसरीकडे, की ती चूक क्वचितच होई, कारण कोणतं सफरचंद हे सांगायला ते शब्द लागणारच होते. तुमच्या वाक्याआधी "एका मुलीने चोराला पकडलं, दुसरीने फोन केला" असं सांगितलेलं असतं, तर तुम्हीही बहुधा अडखळला नसता.

मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे असं पाऊल आपण रोज चुकतो, पण ते सहसा जाणवत नाही. "आजीने मुलाला शिकवणाऱ्या बाईंना बोलावलं" हे वाक्य रचनेने तुमच्या वाक्यासारखंच आहे. तरी ते सहज पचतं, कारण "मुलाला शिकवणाऱ्या बाई" ही ओळखीची जोडी आहे आणि मुख्य क्रियापद अजून आलेलं नसल्याने मोडायला फारसं काही उभं राहिलेलं नसतं.

दुरुस्ती झाल्यावरही चुकीचा अर्थ पूर्ण पुसला जातोच असं नाही. कील ख्रिश्चनसन आणि सहकाऱ्यांनी 2001 साली एक इंग्रजी वाक्य वापरलं. अ‍ॅना स्वतः कपडे घालत होती आणि तेव्हा बाळ ओकलं, असा त्याचा अर्थ. शब्दक्रमामुळे आधी वाटतं की ती बाळाला कपडे घालते आहे. बाळ ओकलं हे नीट समजलेल्या अनेकांनीही "अ‍ॅनाने बाळाला कपडे घातले का?" या प्रश्नाला "हो" म्हटलं. तुमचं वाक्य कोणाला तरी एकदाच वाचून दाखवा आणि "चोराला कोणी पकडलं?" असं विचारा. "पोलिसांनी" असं उत्तर आलं तर नवल नाही.

लिहिताना उपाय सोपा आहे: "चोराला पकडणाऱ्या मुलीचा पोलिसांनी सत्कार केला." कर्ता आपल्या क्रियापदाजवळ आला की मधे फसायला जागाच उरत नाही. बोलताना "पोलिसांनी"नंतर छोटासा विराम घेतला तरी बऱ्यापैकी काम होतं.