विम्याच्या जाहिरातीतून भीती काढली तर ‘आत्ताच का?’ याचं उत्तर काय द्यायचं

प्रश्न: “आरोग्य विम्याची एजन्सी नवीनच घेतली आहे, सातारा. व्हॉट्सॲपवर आणि दुकानांत लावायला जाहिरात केली: ‘उद्या हार्ट अटॅक आला तर? घर विकणार की बायकोचे दागिने? आजच घ्या, फक्त ४८ तास!’ लोक वाचतात, हळहळतात, पण फोन करत नाहीत. मलाही ती वाचून कसंतरी होतं. आमचे सर म्हणतात, भीती दाखवल्याशिवाय विमा खपत नाही. भीती काढली तर लोक आत्ताच का घेतील?”

---

तुमची जाहिरात वाचली आणि माझ्या जुन्या बॅगेतलं पत्रकच हातात आल्यासारखं वाटलं. दागिन्यांचा फोटोसुद्धा तोच असणार. मी बरीच वर्षं हे काम केलं, आता करत नाही. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते तुमच्या कंपनीच्या पॉलिसीच्या मजकुराशी ताडून घ्या. मुदती कंपनीगणिक वेगळ्या असतात आणि नियमही बदलत राहतात.

आधी त्या ४८ तासांचं बघू. ४८ तासांनी नक्की काय संपणार आहे? काहीच नाही. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्न्सची, म्हणजे ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या युक्त्यांची, जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत अशी खोटी घाई नाव घेऊन नोंदवलेली आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी ही घाई विम्यातच सगळ्यात जास्त नडते. घाईत घेतलेला शर्ट फार तर कपाटात पडून राहतो. घाईत भरलेला प्रपोजल फॉर्म चार वर्षांनी बिलिंग काउंटरवर उभा राहतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी ज्या शाखेत होतो तिथे महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत वरून तयार पोस्टर यायचं: ‘३१ तारखेनंतर प्रीमियम वाढणार’. पुढच्या महिन्यातही तेच, फक्त तारीख बदललेली. लोक घाबरून यायचे, पैसे भरायचे आणि फॉर्म शाखेतलाच माणूस भराभर भरून टाकायचा. आजारांच्या रकान्यात ओळीने ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. मी विचारलं तर उत्तर मिळालं, “शुगर लिहिली तर मेडिकल लागेल, हा महिना हातचा जाईल.” एका हार्डवेअरच्या दुकानदारांचा फॉर्म असाच गेला. त्यांच्या गल्ल्याशेजारी शुगरच्या गोळ्यांची पट्टी सगळ्यांना दिसेल अशी पडलेली असायची, त्यांनी कधी लपवली नव्हती. पुढे पायाला जखम झाली, चिघळली, ॲडमिट व्हावं लागलं. हॉस्पिटलच्या केसपेपरवर ‘शुगर सहा वर्षांपासून’ असं लिहिलेलं. क्लेम नामंजूर, पॉलिसीही रद्द. कारण दिलं: माहिती लपवली. सही त्यांची होती, त्यामुळे वाद घालायला जागाच उरली नाही. शाखेला मी लेखी विचारलं तर म्हणे हा ग्राहक आणि एजंटमधला विषय आहे. पोस्टर कुणाचं, फॉर्म कुणी भरला, यावर चकार शब्द नाही. त्या पेठेत मला नंतर एकही पॉलिसी मिळाली नाही, आणि मिळायलाही नको होती.

हे इतकं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे क्लेम असा नाकारता येण्याची मुदत. पॉलिसी सलग ५ वर्षं चालली की त्यानंतर कंपनीला माहिती लपवल्याच्या कारणावरून हात झटकता येत नाहीत, फसवणूक सिद्ध करावी लागते. २०२४ पर्यंत ही मुदत ८ वर्षांची होती. म्हणजे पहिली ५ वर्षं फॉर्मवरचा प्रत्येक ‘नाही’ जिवंत असतो. भीती घालून आणलेला ग्राहक नेमका हाच फॉर्म न वाचता सही करतो. म्हणून मी म्हणतो, जाहिरात अशी हवी की माणूस लवकर येईल, पण आल्यावर सावकाश बसेल.

आता तुमचा खरा प्रश्न, आत्ताच का. खरं कारण पॉलिसीच्या मजकुरातच आहे आणि ते कुणी जाहिरातीत घेत नाही, कारण ते ऐकायला कमीपणाचं वाटतं. ते म्हणजे वेटिंग पिरियड. अपघात पहिल्या दिवसापासून कव्हर होतो. बाकी आजारांना सुरुवातीचे ३० दिवस थांबावं लागतं. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघा बदलणं अशा ठरावीक उपचारांना बहुतेक पॉलिसींत २ वर्षं. आणि आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षं (२०२४ च्या आधी ही मर्यादा ४ वर्षांची होती). हे सगळं मोजायला सुरुवात होते ती पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून.

उदाहरण घ्या. वय ५१, शुगर आहे, गोळी चालू आहे, गुडघे अजून ठणठणीत. पॉलिसी १ फेब्रुवारी २०२६ ला सुरू झाली आणि शुगर फॉर्मवर लिहिलेली आहे. साधा डेंग्यू झाला तर मार्चच्या सुरुवातीपासून कव्हर. मोतीबिंदू फेब्रुवारी २०२८ पासून. शुगर आणि तिच्यामुळे होणारी गुंतागुंत, म्हणजे पायाची जखम, किडनीचा त्रास, फेब्रुवारी २०२९ पासून. याच माणसाने ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं की या सगळ्या तारखा एकेक वर्ष पुढे सरकतात. मधल्या वर्षात डॉक्टरांनी गुडघ्याचं निदान केलं तर तोही आधीपासूनचा आजार धरला जातो. दोन मुदती लागू असतील तेव्हा मोठी चालते, म्हणजे गुडघ्याला २ ऐवजी ३ वर्षं. शिवाय कंपनी लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लावू शकते किंवा नाहीच म्हणू शकते.

याच्या मर्यादाही कबूल करा. आज घेतली काय आणि पुढच्या आठवड्यात घेतली काय, तारखा आठच दिवसांनी सरकतात. म्हणून ‘आजच’ लिहू नका, ‘पुढच्या वर्षी बघू’वर ढकलू नका एवढंच म्हणा. आणि तपासण्या टाळून आधी पॉलिसी घ्या, असा सल्ला चुकूनही देऊ नका. एजंट लोक हळूच देतात, मला माहीत आहे.

भीतीबद्दल तुमच्या सरांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, पण अर्धंच आहे. १९६५ मध्ये येल विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली होती, काहींना साधी, काहींना अंगावर काटा आणणारी. घाबरलेल्यांनी लस घेण्याची इच्छा जास्त दाखवली, पण प्रत्यक्ष जाऊन घेतली का, यात भीतीच्या प्रमाणाने फरक पडला नाही. फरक पडला तो दवाखाना दाखवणाऱ्या नकाशाने आणि ‘आठवड्यात कधी जाल ते ठरवा’ या सूचनेने. सूचना मिळालेल्यांपैकी सुमारे २८ टक्के गेले, न मिळालेल्यांपैकी सुमारे ३ टक्के. तुमची जाहिरात वाचून लोक हळहळतात आणि फोन करत नाहीत, त्याचं कारण मला इथे दिसतं. घर विकण्याचं चित्र तुम्ही उभं केलंत, पण फोन केल्यावर काय होणार, किती वेळ लागणार, बरोबर काय आणायचं, यातलं काहीच सांगितलं नाहीत. धोका सांगूच नका असं नाही. गावातल्या हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या किंवा गुडघ्याच्या पॅकेजचा आजचा दर विचारा आणि तो आकडा तारखेसकट लिहा. दागिन्यांपेक्षा तो जास्त बोलतो.

मी तुमच्या जागी असतो तर साधारण असं लिहिलं असतं:

“पन्नाशी आली आणि आरोग्य विमा अजून नाही? मग हे आधी वाचा. पॉलिसी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं कव्हर होत नाही. अपघात लगेच, नवीन आजार ३० दिवसांनी, मोतीबिंदू, हर्निया, गुडघे यांना २ वर्षं, आधीपासूनच्या बीपी-शुगरला ३ वर्षं. ही वर्षं पॉलिसीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून ती गरज पडायच्या बरीच आधी घ्यावी लागते. फोन करा, अर्धा तास बसू. येताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणा, सगळं फॉर्मवर लिहू. काय कव्हर नाही तेही दाखवेन. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत वाचून पटली नाही तर परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसे मिळतात.”

२ आणि ३ च्या जागी तुमच्या पॉलिसीतले आकडे घाला. गोळ्यांच्या पट्ट्यांचं वाक्य मात्र काढू नका, ते मी त्या दुकानदारांसाठी घातलं आहे. यावर फोन कमी येतील का? कदाचित. पण जे येतील ते वेटिंग पिरियड वाचून आलेले असतील, आणि पहिल्याच वर्षी ‘तुम्ही सांगितलं नाहीत’ म्हणून भांडायला येणार नाहीत.

अजून दोन सापळे आहेत. एक म्हणजे ‘लहान वयात घ्या, प्रीमियम कमीच राहील’. हे टर्म इन्शुरन्सला खरं आहे, कारण तिथे घेतानाच्या वयाचा प्रीमियम साधारणपणे शेवटपर्यंत तोच राहतो. काही कंपन्या तर जवळच्या वाढदिवसाचं वय धरतात, म्हणजे वाढदिवसाच्या सहा महिने आधीच वय एकने वाढतं. तिथे ‘अमुक तारखेआधी घ्या’ हे प्रामाणिकपणे लिहिता येतं, कारण तारीख त्या माणसाची स्वतःची असते. आरोग्य विम्यात प्रीमियम वयाबरोबर वाढतच जातो, तिथे हे वाक्य लिहिलंत तर तिसऱ्या नूतनीकरणाला ग्राहक तुम्हालाच धरेल.

दुसरा सापळा मार्चएंडचा. आरोग्य विम्याच्या प्रीमियमची आयकरातली वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि आता आपोआप लागू होते ती नवी. म्हणून ‘३१ मार्चच्या आत’ लिहायचंच असेल तर ‘जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांसाठी’ हे शब्द तितक्याच मोठ्या अक्षरात हवेत. कर या विषयावर घाई करणाऱ्यांचं हसं कसं होतं ते २०२५ मध्ये दिसलंच. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, आणि ऑगस्टमध्ये ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ म्हणून पैसे भरायला लावलेले लोक एजंटांना फोन करत बसले.

आणि नवीन मजकूर कुठेही टाकण्याआधी कंपनीकडून लेखी मंजुरी घ्या. एजंटच्या जाहिरातीला ती लागते, व्हॉट्सॲपवरच्या फोटोलाही. तुमचे सर ‘चालतंय की’ म्हणाले तर तेवढ्यावर थांबू नका, ईमेल मागा. वेटिंग पिरियडचं वाक्य काढा असं मंजुरी देणाऱ्याने सांगितलं, तर कारणही त्याच ईमेलवर लिहून मागा.