संशय हा श्रद्धेचा विरुद्धार्थी शब्द नव्हे

प्रश्न : “दि. बा. मोकाशी यांच्या ‘आनंदओवरी’ या कादंबरीवर टिपण लिहिते आहे. तुकोबांचा भाऊ कान्होबा याच्या मनःस्थितीसाठी ‘श्रद्धा आणि अश्रद्धा’ लिहू, ‘श्रद्धा आणि शंका’ लिहू, की ‘श्रद्धा आणि संशय’? ‘संशय’ म्हटले की पोलिसी वाटते. शिवाय लेखक उपदेश करत नाही, हे सांगायला ‘प्रचारकी नाही’ म्हटलेले चालेल का?”

‘श्रद्धा आणि संशय’ असेच लिहावे. ‘अश्रद्धा’ येथे चूक आहे आणि ‘शंका’ अपुरी पडते. भाविक माणसाच्या मनात प्रश्न उठला, की त्याला लगेच ‘अश्रद्ध’ ठरवायचे, ही सवय पुस्तकांवरच्या लेखांत आणि भाषणांत इतकी बोकाळली आहे, की आता ती खटकेनाशी झाली आहे. मला मात्र ती दर वेळी खटकते. एका वाचनकट्ट्यावर तर वक्त्यांनी कान्होबाला ‘नास्तिक’ म्हटलेले मी ऐकले आणि उरलेले भाषण माझ्या कानांत शिरलेच नाही. भावाच्या आठवणीने तळमळणारा आणि देवाशी भांडणारा हा माणूस नास्तिक असेल, तर भांडायचे कोणाशी?

‘संशयित आरोपी’ किंवा ‘बायकोवर संशय घेणे’ हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. शब्दाचे मूळ पाहिले, की तो पोलिसी वाटण्याचे थांबते. ‘संशय’ हा शब्द सम् आणि शी मिळून झाला आहे. ‘शी’ म्हणजे निजणे, पडून असणे. ‘शय्या’ आणि ‘शयन’ त्याच धातूचे. तेव्हा संशय म्हणजे दोन गोष्टींनी एकाच अंथरुणावर शेजारी शेजारी पडून राहणे. एकीने दुसरीला ढकलून दिलेले नाही, दोघींना तिथे जागा आहे. न्यायशास्त्रात संशयाचे ठरीव उदाहरण आहे ‘स्थाणुर्वा पुरुषो वा’. संधिप्रकाशात दूर काही उभे दिसते. ते झाडाचे खोड असेल किंवा माणूस असेल. पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही, असे नाही. त्याला दिसते आहे, पण एकाच वस्तूच्या ठिकाणी दोन विरुद्ध गोष्टी दिसत आहेत. अमरकोशाने संशयाच्या पर्यायांत ‘संदेह’ दिला आहे आणि त्याच्या जोडीला ‘द्वापर’ही दिला आहे. युगाचे नाव म्हणून जो शब्द आपण वापरतो, त्याचाच एक अर्थ संशय असा आहे आणि त्याच्या पोटात ‘दोन’ हा आकडा बसलेला आहे. हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

अश्रद्धेत दोन नाहीत, तिथे एकच आहे : ‘नाही’. म्हणून अश्रद्ध माणसाच्या आत झगडा नसतो आणि त्याच्यावर वेगळी कादंबरी लिहिता येईल, पण ती ‘आनंदओवरी’ होणार नाही.

‘शंका’ आणि ‘संशय’ यांना समानार्थी म्हणून मोकळे होणाऱ्या कोशकारांशी माझे पटत नाही. मराठीत हे दोन शब्द कोणत्या सोबतीने चालतात ते पाहावे. शंका विचारली जाते, शंकेचे समाधान होते, ‘शंकासमाधान’ असा घट्ट समासच आपल्याकडे आहे. वर्गात गुरुजी “काही शंका?” म्हणून विचारतात, तेव्हा उत्तर त्यांच्याजवळ तयार असते. संशय कोणी असा विचारत नाही. तो येतो, राहतो आणि फिटला तर फिटतो. माझे म्हणणे असे आहे, की धार्मिक माणसावरची कादंबरी उपदेश करू लागली की नाही, हे ओळखण्याची खूण या दोन शब्दांतच आहे. ज्या कादंबरीत पात्रांना शंका येतात, तिथे लेखक समाधान खिशात घेऊन बसलेला असतो. जिच्यात संशय असतो, तिथे लेखकालाही त्या अंथरुणाशी जागत बसावे लागते.

याचे उदाहरण मराठी कादंबरीच्या अगदी आरंभी आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आले. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवास करतात, ठिकठिकाणी विधवांची हालाखी पाहतात, आणि कथेचा ओघ ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराकडे वाहतो. विधवांविषयीचा त्यातला कळवळा खरा आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. परंतु त्यातले संवाद वाचताना जाणवते, की प्रश्न विचारणारे पात्र उत्तराला वाट करून देण्यासाठीच उभे केले आहे. प्रश्न संपतो आणि पुढच्या परिच्छेदात समाधान येते. लेखकाने हे लपवलेलेही नाही, कारण पुस्तकाच्या पूर्ण नावातच ‘विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे शब्द आहेत. निरूपण करायला बसलेल्याने निरूपण केले, तर तो दोष कसा म्हणावा? पण श्रद्धेची कादंबरी म्हणून त्यात संशयाला निजायला जागा राहत नाही.

‘आनंदओवरी’ १९७४ची आहे. मोकाशींपुढे तुकोबांचे चरित्र आयते होते. महिपतींनी अठराव्या शतकात ते ओवीबद्ध केले, आणि तिथे विमान येते, तुकोबा सदेह वैकुंठाला जातात, ऐकणारा हात जोडतो. मोकाशींनी ही गोष्ट खोटी पाडली नाही आणि खरीही ठरवली नाही. त्यांनी सांगणारा बदलला. कादंबरी तुकोबांचा धाकटा भाऊ कान्होबा सांगतो, प्रथमपुरुषात, तुका नाहीसा झाल्यानंतर. या एका निवडीने उपदेशाची वाट बंद झाली, कारण उपदेश करण्यासाठी जे ठाऊक असावे लागते, तेच कान्होबाला ठाऊक नाही. तुकोबांच्या अंतःकरणात आपल्याला थेट शिरता येत नाही. आपल्याला दिसतो तो भाऊ, एकाच घरात वाढलेला, ज्याच्या वागण्याची झळ घरादाराला लागली तो भाऊ. संत म्हणून त्याच्यापुढे नमावे, की भाऊ म्हणून त्याच्यावर रागवावे, हे दोन्ही भाव कान्होबाच्या मनात एका अंथरुणावर पडून आहेत.

हे जवळून पाहायचे असेल, तर परंपरेने सांगितलेला खतपत्रांचा प्रसंग घ्यावा. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर गेले, कान्होबाने सात दिवस शोधून त्यांना गाठले, आणि दोघे इंद्रायणीकाठी आले. तुकोबांनी लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे कागद मागवले, त्यांचे दोन भाग केले, अर्धे कान्होबाला दिले आणि आपले अर्धे नदीत सोडले. कीर्तनात हा प्रसंग वैराग्याचा म्हणून सांगतात आणि श्रोत्यांची नजर पाण्यात गेलेल्या अर्ध्या कागदांवर खिळते. कान्होबाच्या बाजूने पाहिले, की नजर दुसऱ्या अर्ध्यावर येते. तो कागद हातात धरून उभा आहे. त्याला वसुली करायची आहे, घर चालवायचे आहे, आणि प्रत्येक ऋणकोच्या दारात त्याला हे आठवणार आहे, की भावाने आपले सोडून दिले. भाऊ थोर आहे, हे त्याला समजते, पण म्हणून आपण क्षुद्र ठरलो का, हे त्याला समजत नाही. येथे एखाद्या पात्राच्या तोंडी “वैराग्य हेच खरे धन” असे वाक्य आले असते, तर प्रसंग तिथेच मेला असता. तो जिवंत राहतो, कारण दोन्ही अर्धे आपल्याला दिसत राहतात.

आणि आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. गाथेत कान्होबाच्या नावाचे अभंग आहेत, तुकोबा गेल्यानंतरचे, देवाशी भांडणाचे. त्यांतल्या एकाचा आरंभ ‘दुःखें दुभागलें हृदयसंपुट’ असा आहे. संपुट म्हणजे दोन वाट्या एकमेकींवर मिटून झालेला डबा. तो दुःखाने दुभागला. हृदयाचे दोन भाग झाले, हे सतराव्या शतकातला हा भाऊ स्वतःच सांगतो आहे, आणि अमरकोशातला ‘द्वापर’ही तेच सांगतो. तुकोबा गेले तो दिवस फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणजे आपली तुकाराम बीज. आणि ‘बीज’ हा शब्द ‘द्वितीया’चेच प्राकृतातून घासून आलेले रूप आहे. हा योगायोग आहे, त्यावर मी सिद्धान्त उभारत नाही, पण इतके ‘दोन’ एका ठिकाणी जमलेले पाहून कोणाही शब्दवेड्याचा पाय तिथून निघणार नाही.

यावर गीतेतले ‘संशयात्मा विनश्यति’ तोंडावर फेकले जाते आणि संशय म्हणजेच अश्रद्धा, असे सिद्ध झाल्याचे समजले जाते. तो श्लोक पूर्ण वाचावा. ‘अज्ञश्चाश्रद्दधानश्च संशयात्मा विनश्यति’, चौथ्या अध्यायातला चाळिसावा. तिथे अज्ञ वेगळा, अश्रद्ध वेगळा आणि संशयात्मा वेगळा मोजला आहे. दोन्ही एकच असते, तर दोनदा का सांगितले असते? शंकराचार्यांनी भाष्यात तिघांची तुलना करून संशयी माणसाला सर्वांत पापी म्हटले आहे. त्यांचा निवाडा कठोर आहे, पण शब्दांचा भेद त्यांनी काटेकोर पाळला, आणि त्यांचा हवाला देणारे आजचे पंडित नेमका तोच भेद पुसतात.

तुकोबांच्या गाथेतच ‘आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाहीं ऐसा मनीं अनुभवावा’ असा अभंग आहे. त्याचा अर्थ अद्वैताच्या अंगाने लावतात आणि तो लागतोही. तरी ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोघांना एका ओळीच्या अंतराने एकत्र ठेवणारा कवी अश्रद्ध होता, असे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. मग त्याच्या भावाला ते विशेषण का लावावे?

‘प्रचारकी’विषयी थोडक्यात : तो शब्द मत पसरवण्यासाठी लिहिलेल्या साहित्याला लागतो, ‘यमुनापर्यटना’साठी तो चालेल, पण तुमच्या टिपणात त्याची गरज नाही. ‘प्रवचनी’ हेही लिहू नये, प्रवचन ही स्वतंत्र आणि मानाची कला आहे. साधे ‘उपदेशपर नाही’ पुरेल. त्याहून बरे म्हणजे वाक्यच असे करावे : “मोकाशी कान्होबाच्या संशयाचे निरसन करत नाहीत.” ‘निरसन’ हा शब्द तेवढा राहू द्यावा, ‘समाधान’ लिहिलेत, तर शंका पुन्हा मागच्या दाराने आत येईल.