एलसीबी आणि गोपनीय शाखेतलं काम बायोडेटात कसं मांडावं?

प्रश्न: मी पीएसआय आहे, नोकरी धुळे जिल्ह्यात. व्हीआरएस घेऊन जळगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत सिक्युरिटी मॅनेजरसाठी अर्ज करतोय. बरीच वर्षं एलसीबी आणि गोपनीय शाखेत गेली. गुप्तता मोडणार नाही आणि कामही समोरच्याला कळेल, असं कसं लिहावं?

उत्तर:

भाऊ, मी जळगाव जिल्ह्यातून एपीआय म्हणून निवृत्त झालो आणि आता एका कारखान्याची सुरक्षा बघतो. आमच्याकडे अर्ज आले की मुलाखतीला मीही बसतो. खात्यातून येणारे बहुतेक जण दोन टोकांना जातात. एक जण 'विविध पदांवर समाधानकारक सेवा' एवढंच लिहितो, त्यातून काही कळत नाही. दुसरा अख्खी कामगिरी सांगून टाकतो, आणि अशा माणसाला घ्यायला मी कचरतो. खात्याचं जो इथे सांगतो, तो कंपनीचं उद्या दुसरीकडे सांगेल.

प्रत्येक वाक्य लिहिल्यावर एकच विचारा: आज तुमच्या खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याने हे वाचलं, तर त्याला उद्याचा बंदोबस्त बदलावा लागेल का? किंवा एखाद्या बातमीदाराची झोप उडेल का? उत्तर 'हो' असेल तर वाक्य खोडा. जबाबदारी किती होती, निर्णय कोणता घेतला आणि त्याची नोंद कशी ठेवली, हे सांगायला हरकत नाही. पद्धत, ठिकाण, नावं आणि नेमणुकांचे आकडे सांगायचे नाहीत.

विसर्जनाचा बंदोबस्त घ्या. एका अर्जात मी वाचलं होतं, कोणत्या चौकात किती माणसं, साध्या वेशातले कुठे, राखीव तुकडी कुठल्या शाळेत. मिरवणूक दरवर्षी त्याच रस्त्याने जाते, म्हणजे ती माहिती पुढच्या वर्षीही जिवंतच असते. तेच काम असं लिहा: 'सार्वजनिक उत्सवांच्या बंदोबस्तात एका सेक्टरचा प्रभारी. मनुष्यबळाची वाटणी, ब्रीफिंग, पाळीबदल, गर्दीचा मार्ग ऐन वेळी वळवण्याचा निर्णय. नगरपालिका, महावितरण आणि रुग्णवाहिका यांच्याशी समन्वय.' कंपनीच्या माणसाला यात त्याचं काम लगेच दिसतं. कामगारांचा मोर्चा गेटवर आला किंवा आग लागून प्लँट रिकामा करावा लागला, तर हेच करायचं असतं.

गोपनीय शाखेचं नाव लिहायला हरकत नाही, ती शाखा असते हे सगळ्यांनाच माहीत आहे. तिथलं जे काम लोकांसमोर होतं तेच लिहा: पासपोर्ट आणि चारित्र्य पडताळणी, मोर्चा-सभांच्या अर्जांवर अहवाल, सण-उत्सवांआधी शांतता समितीच्या बैठका. कोणाच्या हालचालींवर लक्ष होतं आणि माहिती कुठून यायची, याचा उल्लेखही नको. पडताळणीचा अनुभव कंपनीला लागतोच, पण तिथे उमेदवाराची लेखी संमती घेऊन पडताळणी होते. हा फरक तुम्हाला माहीत आहे, हे बोलण्यातून कळू द्या.

एलसीबीबद्दल मुलाखतीत हमखास विचारतात, 'एखादी मोठी केस सांगा, आरोपी कसा सापडला?' निकाल लागलेलीच केस निवडा आणि कोर्टात उघडपणे आलं तेवढंच बोला. गाव आणि वर्षही वगळा. आपल्या खान्देशात 'रावेरकडची केळीच्या व्यापाऱ्याची केस' एवढं म्हटलं तरी ऐकणारा फिर्यादीच्या घरापर्यंत पोचतो, आणि फिर्यादी सापडला की बातमी कोणी दिली याचा अंदाजही लोक बांधतात. लैंगिक गुन्ह्यातली पीडित व्यक्ती किंवा अल्पवयीन मूल असलेली केस उदाहरणाला घेऊच नका. त्यांची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

उत्तर कसं असावं, ते दाखवतो. समजा, जिनिंगमधून कापसाच्या 100 गाठी भरून ट्रक निघाला आणि पोचल्या 88. चालक म्हणतो, वाटेत लूट झाली. इथे मोबाइलचं लोकेशन, खबर, चौकशीची खोली यातलं काही काढू नका. कागदांवरून चला. वजनकाट्याची चिठ्ठी संध्याकाळी सहाची, पुढच्या टोलची पावती रात्री अकराची, मधलं अंतर दोन तासांचं. चालकाच्या जबाबात मात्र लूट टोलच्या पुढे झालेली. मग टोलच्या अलीकडचे तीन तास गाडी कुठे होती? गाठ साधारण 170 किलोची असते, म्हणजे 12 गाठी दोन टनांवर जातात. एवढा माल घाईत उतरत नाही. हमाल लागतात, दुसरी गाडी लागते. संशय लुटीवरून ओळखीच्या माणसांकडे वळतो. यात खात्याचं काहीच उघड झालं नाही, कारण चिठ्ठी, पावती, लोडिंग रजिस्टर हे कागद कंपनीकडेच असतात. शेवटी हेही सांगा की हे पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय बदलाल: सीलचा नंबर चलनावर, दोन्ही टोकांना वजन, ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला की गेटवरून फोन. आरोपी सापडला की पोलिसाचं काम बहुतांशी संपतं. रिस्कचं काम तिथून सुरू होतं, आणि बरेच जण मुलाखतीत इथेच थांबतात.

कुणी खोदून विचारलं तर एवढंच म्हणा, 'तो भाग मला सांगता येणार नाही. त्यात मी काय शिकलो ते सांगतो.' आढेवेढे नकोत, माफीचा सूरही नको. शासकीय गुपिते अधिनियम, 1923 मधलं कलम 5 पदावर असलेल्याला लागू आहे, तसं पदावर होता त्यालाही लागू आहे. निवृत्तीने ते सुटत नाही.

मालक गोड बोलून विचारतात, 'तुमची ओळख आहे, एखाद्या नंबरचा सीडीआर मिळेल ना?' नोकरी हातची गेली तरी चालेल, इथे सरळ नाही म्हणा. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर विकणाऱ्यांना पकडलं, त्यात खासगी गुप्तहेर होते. अटकेबद्दलही आधीच स्पष्ट बोला. तुमच्याकडे वर्दीचे अधिकार उरणार नाहीत. बीएनएसएसच्या कलम 40 प्रमाणे खासगी माणूस अटक करू शकतो ती आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा केलेल्याला किंवा फरार घोषित गुन्हेगाराला, आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. गेटवर कामगाराला धरून 'चौकशी' करण्याची अपेक्षा असेल, तर त्या खुर्चीवर बसू नका.

अर्जासोबत काय जोडता, तेही बघा. महासंचालकांचं सन्मानचिन्ह मिळालं असेल तर जरूर लिहा. बक्षिसाच्या आदेशांवर मात्र अनेकदा गुन्हा रजिस्टर नंबर, आरोपीचं नाव आणि कधी कारवाईचं वर्णनही असतं. त्यांची झेरॉक्स जोडण्याऐवजी सेवापुस्तकाप्रमाणे किती बक्षिसं मिळाली, एवढंच लिहा. बंदोबस्त स्कीम, गोपनीय अहवाल, पथकाच्या ग्रुपवरचे फोटो व्हीआरएसआधीच फोनमधून काढून टाका. आणि निवृत्तीनंतर खासगी नोकरी धरायला तुमच्या पदासाठी परवानगी लागते का, हे एसपी ऑफिसच्या आस्थापना शाखेत लेखी विचारून घ्या. तोंडी 'काही लागत नाही साहेब' यावर राहू नका.